पाण्यात काय टाकायचं आणि काय नाही

रायपूरहून बोलतोय. पितर पाख संपतो त्या अमावास्येला इथल्या महादेव घाटावर खारून नदीच्या काठी पाय ठेवायला जागा नसते. तर्पणं चाललेली असतात, दर्भ वाहत जातो, मुलं माशांना पिठाच्या गोळ्या टाकत असतात. ही गर्दी पाहिली की मला मुंबईतला एक गोदीचा काठ आठवतो आणि तिथे पाण्याकडे तोंड करून उभी असलेली शंभरेक माणसं आठवतात. त्यांचं पुस्तक हिब्रू होतं आणि आपसातलं बोलणं अस्सल अलिबागकडचं मराठी होतं. आजचा भाग त्यांच्या त्या विधीवर आहे. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांवर बोलतो. आज लढाई नाही, पण फौजेशी संबंध आहे, आणि थोडा माझ्याशीही आहे.

त्या विधीचं नाव ताशलिख. यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रोश हशानाला, दुपारची प्रार्थना झाल्यावर आणि सूर्य मावळण्याआधी वाहत्या पाण्याकाठी जायचं, ठरलेली वचनं म्हणायची, कपड्याचा काठ झटकायचा आणि वर्षभराची पापं पाण्यात टाकायची. रोश हशाना ही त्यांच्या तिशरी महिन्याची पहिली तारीख. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात आणि ते अधिक महिनाही धरतात, म्हणून हा दिवस आपल्या पंचांगात नेहमी अमावास्येला लागून येतो. बहुतेक वर्षी तो घटस्थापनेच्या आगेमागे पडतो. २०२२ साली २६ सप्टेंबरला आणि २०२४ साली ३ ऑक्टोबरला दोन्ही एकाच दिवशी होते. आपला आणि त्यांचा अधिक महिना वेगवेगळ्या वेळी आला की गाडी महिनाभर पुढेमागे होते. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता, तेव्हा रोश हशाना १६ सप्टेंबरला, गणपतीच्या तीन दिवस आधी आला होता.

मी हा विधी पाहिला तो १९८७ साली, २४ सप्टेंबरला, गुरुवारी. नवरात्र नुकतंच बसलं होतं. मी तेव्हा कॅप्टन होतो आणि मुंबईत कुलाब्याला माझी नेमणूक होती. माझे एक वरिष्ठ मेजरसाहेब बेने इस्राएल समाजाचे होते. त्यांचं नाव इथे घेत नाही, घरच्या मंडळींना ते आवडणार नाही. त्यांनी आदल्या दिवशी विचारलं, "उद्या येतोस का आमच्याबरोबर? आईच्या हातचा हलवा खायला मिळेल, पण थोडं चालावं लागेल." फौजेतल्या माणसाला चालायचं काय! गेलो.

आता बेने इस्राएल कोण, हे महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना सांगायला नको, पण आपली मंडळी इंदूर, बडोदा, हैदराबाद, रायपूर अशी पसरलेली आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ बुडाले. कोकणात त्यांनी घाण्यावर तेल गाळायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली: दिवेकर, केहीमकर, राजपूरकर, तळकर. सणांची नावंही मराठीच पडली. वर्षारंभाला ते 'नव्याचा सण' म्हणत आणि त्यानंतर दहाव्या दिवशी येणाऱ्या मोठ्या उपासाच्या दिवसाला, योम किप्पूरला, 'दारफळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं.

मग नव्याच्या सणाला ते आधीपासून समुद्रावर जात होते का? मला वाटतं, नाही, आणि त्याचं कारण तारखांमध्ये आहे. ताशलिख ही प्रथा यहुदी धर्माच्या मानाने नवी आहे. बायबलमध्ये तिची आज्ञा नाही आणि तालमूदमध्येही नाही. तिचा पहिला स्पष्ट लेखी उल्लेख सापडतो तो जर्मनीत, ऱ्हाईन नदीकाठच्या माइन्झ शहरातले धर्मगुरू याकोब मोएलिन यांच्याकडे. ते १४२७ साली वारले. पुढे सोळाव्या शतकात पोलंडच्या क्राकोव्ह शहरातल्या मोशे इस्सरलेस यांनी धर्मशास्त्राच्या प्रमाणग्रंथावर टीपा लिहिताना 'अशी प्रथा आहे' म्हणून तिची नोंद केली. त्याच शतकात पॅलेस्टाइनमधल्या सफेद गावच्या गूढवादी पंथाने ती उचलली आणि त्यांच्यामार्फत ती पूर्वेकडच्या यहुदी समाजांत पसरली. नवगावला जहाज फुटलं असेल तर ते याच्या कित्येक शतकं आधी. बुडालेल्या ग्रंथांत जी गोष्ट नव्हतीच, ती आठवणीत राहायचा प्रश्न येत नाही.

म्हणजे कोकणात ती बाहेरून आली. ती आली त्या वाटेवर एक फौजी माणूस उभा आहे. सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नाव सॅम्युएल एझिकेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ते देशी अधिकारी होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडले. पुढची हकीकत समाजात सांगतात ती अशी: कैद्यांना जात विचारली, त्यांनी 'बेने इस्राएल' सांगितलं, टिपूची आई म्हणाली की कुराणात ज्यांचं नाव आहे त्यांना मारू नये, आणि जीव वाचला. वाचलो तर देवाचं घर बांधीन असा त्यांचा नवस होता. हकीकतीतला शब्दन् शब्द कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण सिनेगॉग उभं आहे. १७९६ साली त्यांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याला आज शाआर हाराहामिम म्हणतात, म्हणजे दयेचं दार. लोक त्याला मशीदच म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात आणि शेजारच्या सॅम्युएल स्ट्रीटला तर सामाजींचंच नाव आहे. त्यानंतर कोचीनहून हिब्रू जाणणारे शिक्षक आणि प्रार्थना चालवणारे हजान येऊ लागले. त्यांच्याबरोबर छापील प्रार्थनापुस्तकं आली आणि जगभरच्या यहुद्यांचे रिवाज आले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकेल राजपूरकर या विद्वान हेडमास्तरांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. कोकणातल्या तेल्याच्या नातवाला आपण देवापुढे काय बोलतो हे आपल्या भाषेत कळलं ते त्यांच्यामुळे.

तर त्या गुरुवारी. दुपारची प्रार्थना संपली आणि सगळे चालत निघाले. सणाच्या दिवशी वाहनात बसायचं नाही, खिशात पैसे ठेवायचे नाहीत, फोटो काढायचा नाही. मेजरसाहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, त्यांच्या आई नऊवारीत. भाऊच्या धक्क्याच्या बाजूला जाईपर्यंत पाऊण तास लागला. मी पोहोचल्याबरोबर पाणी पाहिलं, ते धक्क्याच्या पायऱ्यांखाली बरंच उतरलं होतं आणि जोरात बाहेर ओढत होतं. मला वाटलं, योगायोग. तो योगायोग नव्हता. मुंबईत अमावास्येला आणि प्रतिपदेला भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला येते, हा हिशोब कुठलाही कोळी बोटावर मांडून सांगेल. त्यानंतर संध्याकाळी सहा-सातपर्यंत ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने ती जोरदार. रोश हशाना अमावास्येला लागूनच येतो. म्हणजे मुंबईत ताशलिखच्या वेळेला दरवर्षी पाणी शहरापासून दूर जात असतं. हा नियम कुणा धर्मगुरूने केलेला नाही, पण पायऱ्यांवर उभं राहिलं की मनावर त्याचा परिणाम होतो एवढं खरं. उशीर झाला तर मात्र पायऱ्यांखाली नुसता चिखल दिसतो. मेजरसाहेबांची आई म्हणाली, "लौकर लौकर, चिखलात कोण टाकतंय पापं!"

वाहतं पाणी लागतं, आणि शक्यतो मासे असलेलं. माशांबद्दल दोन कारणं सांगतात. एक, माशाला पापणी नसते, त्याचा डोळा सदा उघडा, तसं देवाचं लक्ष सदा उघडं. दुसरं, मासा बेसावध असताना जाळ्यात सापडतो, तसाच माणूसही. मोएलिन यांनी पाण्याचं कारण वेगळं दिलंय. जुन्या आख्यानात आहे की अब्राहाम मुलाला बळी द्यायला निघाला तेव्हा सैतानाने वाटेत नदी आडवी घातली. पाणी गळ्यापर्यंत आलं तरी म्हातारा मागे फिरला नाही. नदीवर जायचं ते त्या आठवणीने. जिथे नदी किंवा समुद्र नाही तिथे विहिरीवर किंवा टाक्यावरही भागवतात. पहिला दिवस शनिवारी आला तर बरेच समाज दुसऱ्या दिवशी जातात. आणि तेही राहून गेलं तर तिशरीच्या एकविसाव्या तारखेपर्यंत मुभा आहे.

आता प्रार्थना. मेजरसाहेबांनी मला पुस्तक उघडून बोट ठेवून दाखवलं. मुख्य भाग म्हणजे मीखा नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकाची शेवटची तीन वचनं. मीखा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, यहुदाच्या डोंगरउतारावरच्या एका खेड्यातला. त्याच्या नावाचाच अर्थ 'देवासारखा कोण', आणि ही वचनंही त्याच प्रश्नाने सुरू होतात. पुढे आशय असा की तो राग धरून ठेवत नाही, त्याला दया आवडते, तो पुन्हा कळवळेल, आमचे दोष पायाखाली तुडवेल आणि पापं समुद्राच्या तळाशी टाकील. या 'टाकील'साठी मूळ हिब्रूत 'तू टाकशील' असं आहे आणि तो शब्द म्हणजेच ताशलिख. विधीचं नाव त्या एका क्रियापदावरून पडलंय. सफेदच्या पंथाने या तीन वचनांचे तेरा तुकडे पाडले आणि सिनाय पर्वतावर मोशेला सांगितलेल्या दयेच्या तेरा गुणांशी एकेक जुळवला. पुस्तकात ते तसे छापलेले असतात, तुकड्याला तुकडा लावून.

'ताशलिख' शब्दाशी आले की सगळे थांबले आणि कपडे झटकले. पुरुषांनी खिशांची अस्तरं बाहेर काढली, बायकांनी पदराचं टोक पाण्याच्या दिशेने झटकलं. मग स्तोत्रांपैकी एकशेअठराव्यातला एक भाग म्हटला, त्यात अडचणीच्या जागेतून हाक मारली आणि मोकळ्या जागेतून उत्तर आलं, असं आहे. मग तेहतिसावं स्तोत्र. त्यात एक गोष्ट ऐकून मी मेजरसाहेबांकडे पाहिलं: मोठी फौज असली म्हणून राजा वाचत नाही, आणि घोड्याच्या भरवशावर सुटका नाही. ते हळूच म्हणाले, "हे स्टाफ कॉलेजात शिकवत नाहीत." शेवटी यशया संदेष्ट्याचं एक वचन, समुद्र जसा पाण्याने भरलेला असतो तशी पृथ्वी देवाच्या ज्ञानाने भरेल, या आशयाचं. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

एका लहान मुलाने खिशातून पावाचा तुकडा काढला. आजीने त्याचा हात धरला. पुष्कळ देशांत आज पाव कुस्करून टाकतात आणि तीच या विधीची ओळख होऊन बसली आहे. पण मोएलिन यांनी सहाशे वर्षांपूर्वीच पाव टाकायला मनाई केली होती, कारण जे मुकं जनावर आपल्या पोटापाण्यासाठी आपल्यावर अवलंबून नाही त्याला सणाच्या दिवशी खाऊ घालणं त्यांच्या शास्त्रात बसत नाही. आजीचं कारण साधं होतं: "अन्न पाण्यात टाकायचं नसतं, पाप टाकायला आलोय." विधीच्या विरोधात याहून मोठी माणसंही होती. अठराव्या शतकात लिथुआनियात विल्नाचे महापंडित एलिया हे ताशलिखला जातच नसत. भीती सगळ्यांची एकच होती, की लोकांना वाटेल कपडे झटकले, काम झालं.

परत येताना मी मेजरसाहेबांना विचारलं, पाप याला तुमच्या भाषेत शब्द कोणता? ते म्हणाले, एक नाही, तीन आहेत, आणि मीखाच्या त्या वचनांत तिन्ही आलेत. माझ्या आजवरच्या वाचनात हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिला शब्द 'हेत'. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. बायबलमध्ये शास्त्यांच्या पुस्तकात बेन्यामीन वंशाचे ७०० डावखुरे गोफणवाले आहेत, केसावर नेम धरला तरी न चुकणारे, आणि तिथे 'न चुकणारे' म्हणताना हेच क्रियापद आलंय. फायरिंग रेंजवर जवान पडून नेम धरतो, श्वास सुटतो, गोळी बाजूला जाते, तो हेत. दुसरा शब्द 'आवोन', म्हणजे वाकडेपणा. रस्ता माहीत असून मुद्दाम वाकडं जाणं. तिसरा 'पेशा'. आपल्या मराठी पेशाशी याचा काही संबंध नाही. हा शब्द बंडाचा. मवाब देशाने इस्राएलच्या राजाविरुद्ध बंड केलं तिथे बायबल हाच शब्द वापरतं. चूक, गैरवर्तन आणि बंड. फौजी कायदा ज्याने वाचलाय त्याला हे तीन वर्ग ओळखीचे वाटतील, शिक्षाही वेगवेगळ्या.

आणि मीखाच्या वचनात समुद्राच्या तळाशी जातं ते काय? तिथे शब्द आहे तो हेतचा. वाकडेपणा तो पायाखाली तुडवतो, बंडाकडे कानाडोळा करून पुढे जातो, आणि चुकलेले नेम समुद्रात टाकतो. विद्वान म्हणतील की ही कवितेची रीत आहे, एकच गोष्ट तीन शब्दांनी सांगायची, त्यात फार खोदू नये. असेल. पण मी त्या संध्याकाळी ऐकलं ते असं, कारण माझ्या मनात एक गोष्ट होती आणि ती नेम चुकण्यातली नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या युनिटच्या वार्षिक मोजणीत एक दुर्बीण कमी भरली. स्टोअर सांभाळणारा हवालदार राजिमकडचा होता, आमच्या या छत्तीसगडचा. रजिस्टरवर नोंद नव्हती, जबाबदारी त्याची. त्याला सिव्हियर रेप्रिमांड मिळाली, कागदावर लाल शाईची नोंद झाली. चार महिन्यांनी ती दुर्बीण दुसऱ्या युनिटच्या पेटीत निघाली. सरावाच्या वेळी मीच ती त्यांना तोंडी देऊन टाकली होती आणि लिहायला विसरलो होतो. विसरणं हा हेत. पण सापडल्यावर मी गप्प बसलो. दुर्बीण चूपचाप जमा करून घेतली, कमांडिंग ऑफिसरना सांगितलं नाही, कारण माझा स्वतःचा रिपोर्ट त्याच महिन्यात लिहिला जायचा होता. तो गप्प बसणं म्हणजे आवोन. लाल नोंदीमुळे त्या हवालदाराचं नायब सुभेदारपद हुकलं. तो हवालदार म्हणूनच घरी गेला, पेन्शनही तेवढीच.

मेजरसाहेबांच्या घरी हलवा खाताना, गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला, मी हे सगळं सांगितलं. आणि मूर्खासारखं म्हणालो, "मीही आज रुमाल झटकला, सर." ते हसले नाहीत. म्हणाले, "अरे, हे पाण्यात जात नाही." मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्या मिश्नामध्ये, योमा नावाच्या प्रकरणाच्या शेवटी आहे. माणसाने देवाचं केलेलं पाप योम किप्पूरला सुटतं, पण माणसाने माणसाचं केलेलं पाप त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय योम किप्पूरलाही सुटत नाही. म्हणून नव्याच्या सणापासून दारफळणीपर्यंतचे दहा दिवस लोक एकमेकांच्या घरी जाऊन माफी मागतात. बाराव्या शतकात कैरोमध्ये राहणाऱ्या मायमोनिडीझने, जो धंद्याने वैद्य होता, त्याची पद्धत लिहून ठेवली आहे. माफी मागायला जा. त्याने नाही दिली तर तीन माणसं घेऊन जा. पुन्हा जा, आणखी एकदा जा. त्यानंतरही तो नाही म्हणाला तर सोडून दे, आता दोष त्याचा. तू त्याला पैशाचं देणं असलास तर आधी ते चुकते कर. आणि तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जा, त्यांच्यापुढे उभा राहा आणि तू काय केलंस ते नेमकं सांग. मोघम नाही, नेमकं.

"तुला दहा दिवस आहेत," मेजरसाहेब म्हणाले.

मी दहा दिवसांत गेलो नाही. तीस वर्षांतही गेलो नाही. बदल्या, बढत्या, मुलांच्या शाळा. अगदी खरं सांगायचं तर बढत्या. नंतर कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि मुलाच्या नोकरीमुळे रायपूरला घर केलं. राजिम इथून तासाभराच्या अंतरावर आहे, तरी पहिली चार वर्षं मी त्या रस्त्याला गेलो नाही. आधी पेन्शनच्या कार्यालयातून पत्ता लागेना, ही सबबही काही दिवस पुरली.

२०१९ च्या पितर पाखात गेलो. हवालदार तीन वर्षांपूर्वी वारले होते. मुलगा शेती करतो. त्यांच्या अस्थी राजिमच्या संगमावर सोडल्या होत्या, जिथे महानदी, पैरी आणि सोंढूर मिळतात आणि पात्रातच कुलेश्वर महादेवाचं देऊळ उभं आहे. म्हणजे कबर नव्हती, उभं राहायला जागा नव्हती. मी मुलाला म्हणालो, गावातली दहा माणसं बोलावता येतील का? त्याला वाटलं, साहेब काहीतरी सत्कार-बित्कार करणार आहेत. पारावर अकरा जमले. मी यहुदी नाही, त्यांच्या शास्त्रावर माझा काही हक्क नाही, पण आपल्याकडे याची एवढी लेखी पद्धत मला सापडली नव्हती, म्हणून ती उसनी घेतली. उभा राहून दुर्बिणीची सगळी हकीकत सांगितली, हिंदीत, तारखेसकट. माझ्या रिपोर्टचा महिनाही सांगितला.

कुणी काही बोललं नाही. एक म्हातारे गृहस्थ, तेही माजी सैनिक, एवढंच म्हणाले, "साहब, वह जानता था." मी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, हो, बाबांना त्याच वर्षी कळलं होतं, ज्या युनिटात दुर्बीण निघाली तिथे त्यांच्या गावचा क्लार्क होता. मग तुमच्याकडे काही बोलायचे का? तो म्हणाला, "बोलायचे, कप्तानसाहेब पत्र लिहितील."

हवालदार आणि नायब सुभेदाराच्या पेन्शनमधला फरक मी जमेल तसा मांडून नेला होता. मायमोनिडीझने देणं वारसाला द्यायला सांगितलंय. मुलाने पाकीट घेतलं नाही. तो आत गेला आणि वडिलांची पत्र्याची ट्रंक घेऊन आला. तिच्यात मेडल, दोन फोटो आणि डिस्चार्जची पुस्तिका होती. ती त्याने माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "साहब, आप इस पर कुछ लिख देंगे क्या?"

त्या पुस्तिकेवर लिहायचा अधिकार मला नव्हता, तेव्हाही नाही आणि आताही नाही. मी वेगळा कागद मागितला. मुलीच्या वहीतलं पान आलं. त्यावर दुर्बिणीचा प्रकार लिहिला, चूक कोणाची ते लिहिलं, सही करून रँक आणि तारीख घातली. पारावरच्या अकरांनी खाली सह्या केल्या, दोघांनी अंगठे दिले. मुलाने कागदाची घडी केली, पुस्तिकेत ठेवली आणि ट्रंक बंद केली.